शपथपत्रात मराठी-इंग्रजी आकड्यांची भेसळ: ती कुठून येते आणि कशी काढायची

डिचोलीत टायपिंगचं काम करून पोट भरणाऱ्या माणसाच्या हातून वर्षभरात किती शपथपत्रं जातात याची मोजदाद मी कधी ठेवलेली नाही. पण परत आलेलं शपथपत्र मात्र विसरत नाही. मागच्या पावसाळ्यात असंच एक परत आलं. वाळपईकडच्या एका आजोबांच्या जमिनीच्या नमुना १ व १४ वर त्यांचं नाव ‘सावळो’ असं होतं आणि आधारवर ‘सावळाराम’. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत एवढंच शपथेवर सांगायचं होतं. दीड पानांचं काम. नोटरीपुढे सही झाली, शिक्का बसला, आणि चार दिवसांनी आजोबा तोच कागद घेऊन दुकानात हजर. खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं होतं की शपथपत्रातला सर्व्हे नंबर रेकॉर्डशी जुळत नाही.

मी नमुना १ व १४ समोर ठेवला. तिथे सर्व्हे नंबर 12, उपविभाग 3. माझ्या कागदावर बघितलं तर बाराच दिसले. दोनदा वाचलं, बाराच. मग आजोबांनी बोट ठेवून विचारलं, “हे आंकडे अशे कित्याक?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कागदावर छापलं होतं:

```
सर्व्हे नं. १2/3
```

पहिला आकडा मराठी एक, बाकीचे इंग्रजी. इंग्रजी आकड्यांच्या रांगेत बसलेला मराठी १ कुणालाही 9 वाटणार. कारकुनाने 92/3 वाचलं, आणि त्या गावच्या 92/3 ला भलत्याच माणसाचं नाव. त्याची काही चूक नव्हती.

(आमच्या दुकानात 1, 2, 3 ला सगळे ‘इंग्रजी आकडे’च म्हणतात. ‘रोमन आकडे’ म्हटलं की I, II, III डोळ्यांपुढे येतात. म्हणून इथेही इंग्रजीच म्हणतो.)

भेसळीतला खरा धोका हाच आहे. पान दिसायला गबाळं दिसतं ते सोडून द्या, पण १ आणि 9, ४ आणि 8 या जोड्या एका संख्येत मिसळल्या की एकमेकींचा वेश घेतात. शून्याचं तर विचारूच नका. ० आणि 0 बऱ्याच फॉन्टांत शेजारी ठेवल्याशिवाय वेगळे कळत नाहीत. सगळी संख्या एका लिपीत असेल तर वाचणारा आपोआप त्या लिपीत शिरतो. अर्धी अर्धी असेल तर तो बहुमताकडे झुकतो, आणि एकटा पडलेला आकडा चुकीचा वाचला जातो.

आता हे झालं कसं? मी मराठी कीबोर्डवर टाइप करतो आणि माझ्या मांडणीत वरच्या रांगेतून मराठी आकडे येतात. आधी मी चुकून १३ टाइप केलं होतं. आजोबा शेजारी बसलेले, ते म्हणाले बारा. मी तीन पुसला आणि उजवा हात आपसूक नंबर पॅडवर गेला. नंबर पॅडवरून, भाषा मराठी निवडलेली असली तरी, इंग्रजी आकडेच येतात. 2, मग तिथलीच तिरपी रेघ, मग 3. हिशेबाची सवय असलेल्या प्रत्येक टायपिस्टकडून हे होतं. ज्यांच्या मांडणीत वरच्या रांगेतूनही इंग्रजी आकडे येतात त्यांच्याकडे भेसळ दुसऱ्या बाजूने शिरते. साचा जुना, त्यात आकडे मराठी, आणि नव्याने भरलेले सगळे इंग्रजी. ग्राहक फोनवरून मजकूर पाठवतो तेव्हाही आकडे बहुधा इंग्रजी असतात, आणि आपण ते तसेच चिकटवतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे भेसळ आहे की नाही ते शोधणं. डोळ्यांवर विसंबू नका. ज्याने टाइप केलं त्याला तर ती दिसतच नाही, कारण तो ‘बारा’ हे मनात धरून वाचतो. वर्डमध्ये Ctrl+H दाबा, Find च्या पानावर या, More मधून Use wildcards वर टिक करा आणि हे एकेक करून शोधा:

```
[0-9][०-९]
[०-९][0-9]
[0-9]?[०-९]
[०-९]?[0-9]
```

पहिल्या दोन ओळी एकाच संख्येतला सांधा पकडतात, म्हणजे १2 सारखा. पुढच्या दोन ओळींतलं प्रश्नचिन्ह मधल्या कुठल्याही एका खुणेसाठी आहे, त्यामुळे 12/३ किंवा ०५.06 असलं काही असेल तर तेही सापडतं. या चार शोधांत काही आलं तर ती नक्की चूक आहे आणि तिथे विचार करायचं कारण नाही. अपवाद एवढाच की मध्ये मोकळी जागा असलेल्या दोन वेगळ्या संख्याही कधी कधी पकडल्या जातात.

हे संपलं की नुसतं `[0-9]` शोधा आणि Reading Highlight मधून Highlight All निवडा. कागदावरचे सगळे इंग्रजी आकडे पिवळे होतात. माझ्या त्या दीड पानावर पिवळे ठिपके बघून मलाच लाज वाटली. वय मराठीत, आधार क्रमांक इंग्रजीत, दाखल्याची तारीख अर्धी अर्धी, आणि सर्व्हे नंबर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी.

लिब्रे ऑफिस वापरणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. तिथे Regular expressions लावून `\d` शोधलं तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे सापडतात, कारण त्याच्या लेखी दोन्ही आकडेच. म्हणून तिथेही `[0-9]` असंच लिहा.

दोन ठिकाणी हा शोध आंधळा असतो. एक म्हणजे आपोआप पडणारे परिच्छेद क्रमांक. ते मजकुराचा भाग नसतात, वर्ड ते छापताना लावतो, म्हणून शोधात कधीच येत नाहीत. सगळं मराठी केलं, शोध रिकामा आला, आणि छापलं तर कडेला 1, 2, 3 तसेच, असं झालं तर हेच कारण. क्रमांकांवर उजवी टिचकी नाही, तर क्रमांकांच्या बटणाशेजारचा बाण दाबून Define New Number Format उघडा आणि Number style मध्ये १, २, ३ निवडा. यादीत ते दिसत नसेल तर आधी वर्डच्या भाषांमध्ये हिंदी किंवा मराठी जोडावी लागते. दुसरी जागा पृष्ठ क्रमांकाची. तिथे Format Page Numbers मधून तीच निवड करायची.

आणखी एक तऱ्हा विरळा आहे, पण डोकं फिरवते. माझ्या संगणकावर सगळं मराठी दिसतं आणि वकिलांच्या ऑफिसात तीच फाइल उघडली की आकडे इंग्रजी. असं होत असेल तर विंडोजच्या Region मध्ये Additional settings, मग Numbers, आणि तिथे Use native digits समोर काय आहे ते बघा. National असेल तर फाइलमध्ये साठवलेला आकडा इंग्रजीच असतो, फक्त पडद्यावर मराठीचा मुखवटा घालून येतो. ते Never करा म्हणजे जे आहे ते दिसेल. एखाद्या आकड्याबद्दल शंका असेल तर वर्डमध्ये त्याच्या लगेच मागे कर्सर ठेवून Alt+X दाबा. खरा मराठी ५ असेल तर त्याच्या जागी 096B असं येतं. इंग्रजी आकडा असेल तर वर्ड त्यालाच कोड समजतो आणि काहीतरी भलतंच अक्षर काढतो. 45 च्या मागे दाबलं तर E उगवतो. दोन्ही वेळा Ctrl+Z करून परत यायचं.

शोधून झालं. आता ठरवायचं की कुठले आकडे कुठल्या लिपीत. इथे बरेच जण सरसकट सगळं मराठी करून मोकळे होतात. मी एकेकाळी तसंच करायचो आणि तसं न करण्याचा सल्ला आता देतो. संविधानाच्या कलम ३४३(१) मध्ये आंतरराष्ट्रीय स्वरूपातल्या अंकांचा उल्लेख आहे, पण तो संघाच्या कामकाजापुरता. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामासाठी वापरता येते. तेव्हा मराठी शपथपत्रात मराठी आकडे लिहिले म्हणून कुणी अडवू नये. पण प्रश्न अडवण्याचा नाहीच, जुळवण्याचा आहे. शपथपत्र वाचणारा माणूस एका हातात आपला कागद आणि दुसऱ्या हातात मूळ दाखला धरून बसलेला असतो.

म्हणून माझा नियम असा. जी संख्या दुसऱ्या कागदाशी ताडून बघितली जाणार, ती त्या कागदावर जशी आहे तशीच, त्याच लिपीत उतरवायची. सर्व्हे नंबर, आधार, पॅन, बँक खातं, दस्त नोंदणी क्रमांक हे सगळं यात येतं. संगणकावरून निघणाऱ्या नमुना १ व १४ वर आकडे इंग्रजी असतात, म्हणून 12/3. जुन्या हस्तलिखित दाखल्यावर मराठी असतील तर मराठी. आणि जी संख्या माझ्या वाक्याची आहे ती मराठीत: वय, परिच्छेद क्रमांक, ‘तीन वर्षांपूर्वी’ ऐवजी लिहिलेलं ‘३ वर्षांपूर्वी’. तारखांमध्ये मी मराठी ठेवतो आणि महिना अक्षरांत लिहितो, ‘५ ऑगस्ट २०२४’ असा, म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होण्याची भीतीच राहत नाही. एका पानावर दोन लिप्या असल्या तरी चालतील, एका संख्येत चालणार नाहीत, आणि एकच संख्या दोन परिच्छेदांत दोन रूपांत तर अजिबात नाही.

ही विभागणी केली की मग सरसकट बदल करता येत नाही, कारण पॅनवरून तो फिरला तर ABCDE१२३४F असा राक्षस तयार होतो. म्हणून मी फक्त निवडलेल्या मजकुरावर चालणारा हा छोटा मॅक्रो ठेवला आहे. मॅक्रोच्या खिडकीत मराठी अक्षरं टाइप केली तर प्रश्नचिन्हं होतात, म्हणून आकड्याऐवजी त्याचा क्रमांक वापरलाय. मराठी शून्याचा क्रमांक 2406, तिथून पुढे ओळीने नऊपर्यंत.

```
Sub MarathiAnk()
  Dim d As Integer, r As Range
  If Selection.Type = wdSelectionIP Then Exit Sub
  For d = 0 To 9
    Set r = Selection.Range
    With r.Find
      .Text = CStr(d)
      .Replacement.Text = ChrW(2406 + d)
      .MatchWildcards = False
      .Wrap = wdFindStop
      .Execute Replace:=wdReplaceAll
    End With
  Next d
End Sub
```

काहीच निवडलेलं नसेल तर तो गप्प बसतो, ते मुद्दाम. पूर्ण फाइलवर चालण्यापेक्षा न चाललेला बरा. बदललेले आकडे बाजूच्या मजकुरापेक्षा लहान किंवा जाड दिसले तर घाबरू नका. वर्ड देवनागरीला Complex scripts या खात्यातला फॉन्ट आणि आकार लावतो, इंग्रजीला वेगळा. Ctrl+D उघडून दोन्हीकडचे आकार सारखे करा.

आकडे झाले म्हणून मी सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात लक्षात आलं की हा साचा महाराष्ट्रातून आलेल्या फाइलवरून बेतलेला आहे. मथळा ‘शपथपत्र’, पहिल्या ओळीत ‘प्रतिज्ञापत्र’, शेवटी ‘सदर अ‍ॅफिडेव्हिट’. सही करणारा एका जागी शपथकर्ता, दुसऱ्या जागी प्रतिज्ञाकर्ता. आणि परिच्छेद ४ मध्ये चक्क ‘तहसीलदार’ व ‘७/१२ उतारा’. आपल्याकडे मामलेदार आहेत आणि सातबारा नाही, नमुना १ व १४ आहे. वाचणाऱ्याला हसू येईल इथवर ठीक, पण ज्या दाखल्याचं नावच अस्तित्वात नाही त्यावर माणूस शपथ घेतोय, हे काही बरं दिसत नाही.

शपथपत्र आणि प्रतिज्ञापत्र यांतलं कुठलं निवडायचं यावर दुकानात नेहमी वाद होतो. माझ्या मते आधी माणूस नोटरीपुढे काय करणार ते विचारा. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार शपथ घेण्याऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. शपथ घेणार असेल तर शपथपत्र, शपथकर्ता, शपथेवर. प्रतिज्ञा करणार असेल तर प्रतिज्ञापत्र, प्रतिज्ञाकर्ता, प्रतिज्ञापूर्वक. तिन्ही शब्द एका घराण्यातले असले म्हणजे झालं. आजोबा देवाला स्मरून शपथ घेणारे, तेव्हा पहिला संच. ‘अ‍ॅफिडेव्हिट’ सगळीकडून काढून टाकलं.

एकाच शब्दाचं लेखन सारखं करताना मात्र सरसकट बदल आकड्यांपेक्षाही जास्त घात करतो. एका शिकाऊ मुलाने एकदा ‘तपशिल’ हे चुकीचं आहे असं ऐकून फाइलभर त्याचं ‘तपशील’ केलं, आणि जिथे बरोबर ‘तपशिलात’ होतं तिथे ‘तपशीलात’ झालं. मराठीत जमीन पण जमिनीचा, वकील पण वकिलाने. दोन्ही रूपं शुद्ध आहेत, ती एकसारखी करायची नसतात. तसंच मृत्यू एकटा असला की दीर्घ, पण मृत्युपत्र आणि मृत्युदाखला समासात ऱ्हस्व. आजोबांच्या कागदात त्यांच्या वडिलांचा ‘मृत्यूदाखला’ होता तो मी दुरुस्त केला, पण ‘मृत्यू झाला’ तसंच ठेवलं. शपथ घेणारी बाई असली तर शपथकर्ती आणि शपथकर्तीने. साचा पुरुषाचा असला की एखादं ‘शपथकर्त्याने’ हमखास मागे राहतं.

म्हणून शब्द बदलताना Replace All नाही, Find Next करत एकेक बघायचं. दीड पानाला पाच मिनिटं लागतात.

आणि तरीही एखादा शब्द समोर दिसत असून शोधात येत नाही. ‘अधिकाऱ्यासमोर’ हा त्यातला ठरलेला गडी. ऱ्य हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं: काही कीबोर्ड त्यासाठी नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक. कागदावर फरक नाही, शोधात मात्र एक दुसऱ्याला ओळखत नाही. ‘अ‍ॅड.’ आणि ‘ॲड.’ यांचंही तेच. तेव्हा शोधताना ‘अधिका’ एवढंच टाका आणि जे सापडेल ते नव्याने, आपल्याच कीबोर्डवरून टाइप करा.

सगळ्यात शेवटी सत्यापन. तिथे वाक्य असतं, ‘वरील परिच्छेद १ ते ६ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’. हा ६ हाताने टाइप केलेला असतो आणि वरचे क्रमांक वर्ड लावतो. मामलेदारांचा परिच्छेद दुरुस्त करताना मी एकाचे दोन केले, वरती सात झाले आणि खाली सहाच राहिले. म्हणजे सातव्या परिच्छेदावर आजोबांची शपथच नाही. हे कुठल्याही शोधात सापडत नाही, मोजूनच बघावं लागतं.

मग मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावलं. नमुना १ व १४ त्याच्या हातात दिला, शपथपत्र माझ्या. त्याने संख्या ‘बारा’ अशी न वाचता ‘एक, दोन, तिरपी रेघ, तीन’ अशी सुटी सुटी वाचायची आणि मी माझ्या कागदावर एकेका आकड्यावर पेन्सिल टेकवायची. ज्याने टाइप केलं त्याने एकट्याने वाचण्यात अर्थ नाही हे वर सांगितलंच.

जुन्या कागदावर पेनाने दुरुस्ती करून चालेल का, असं आजोबांनी विचारलं. नोटरीचा शिक्का बसायच्या आधी सापडली असती तर तिथेच आडवी रेघ मारून बाजूला शपथकर्त्याची आणि नोटरीची आद्याक्षरी सही घेता आली असती. शिक्का बसल्यावर त्या कागदाला हात लावायचा नाही. नवा कागद, नवी सही, नोटरीच्या वहीत नवी नोंद. व्हाइटनर तर शपथपत्राच्या जवळही आणू नका.

दुसऱ्या दिवशी आजोबा परत नोटरीकडे गेले. माझ्या कागदावर दिनांकाची जागा मोकळी सोडलेली होती, ‘दिनांक’ आणि पुढे रेघ. नोटरींनी तिथे रबरी शिक्क्याने तारीख उठवली, इंग्रजी आकड्यांत, आणि वर्षाचा शेवटचा आकडा थोडा पुसट. आजोबांनी कागद उजेडात धरला, शिक्क्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हटलं, तो शिक्का नोटरींचा आहे, त्यातली तारीख त्यांची. पुसट आकडा तेवढा त्यांच्याकडूनच पेनाने स्पष्ट करून घेऊन या.